नियम ३६(४), तीन व्हिडिओ आणि न जुळणारे ६,३०० रुपये: व्हिडिओवरून जीएसटी शिकण्याचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण पश्चिम महाराष्ट्रातील एका तालुक्याच्या गावी, करसल्लागाराच्या छोट्या कार्यालयात घडले. संबंधित व्यक्ती ओळखू येऊ नयेत म्हणून गावाचे नाव दिलेले नाही आणि दुकानाचा तपशील व रकमा बदलल्या आहेत. हिशोबाची रीत आणि घटनांचा क्रम मात्र जसाच्या तसा ठेवला आहे. ज्यांच्याविषयी हे लेखन आहे त्यांना कार्यालयात सगळे ‘ताई’ म्हणतात, म्हणून येथेही तेच संबोधन वापरले आहे.

ताईंनी वाणिज्य शाखेची पदवी घेतली तेव्हा अभ्यासक्रमात व्हॅट होता. जीएसटी १ जुलै २०१७ रोजी लागू झाला, आणि त्या काळात त्या घरच्या जबाबदारीमुळे नोकरीत नव्हत्या. पुन्हा काम सुरू केल्यावर पहिले वर्षभर त्यांच्याकडे खरेदी-विक्रीची बिले टॅलीत चढवण्याचे काम होते. २०२४ च्या उन्हाळ्यात विवरणपत्रे तयार करणारा सहकारी नोकरी सोडून गेला आणि सरांनी ते काम ताईंना दिले. शिकवणीसाठी जिल्ह्याच्या ठिकाणी जाणे शक्य नव्हते आणि सरांना वेळ नव्हता, त्यामुळे ‘यूट्यूबवर सगळे आहे, बघून घ्या, अडले तर विचारा’ एवढ्या सूचनेवर अभ्यास सुरू झाला.

ताईंना शोधताना एक तयार प्लेलिस्ट सापडली. ती कोणा शिक्षकाची नव्हती. कोणीतरी स्वतःच्या अभ्यासासाठी निरनिराळ्या चॅनेलवरचे साठेक व्हिडिओ एकत्र करून ती सार्वजनिक ठेवली होती. ताईंनी ती आपल्या खात्यात जतन केली आणि रोज रात्री घरचे आवरल्यावर, फोन आडवा धरून, पूर्ण पडद्यावर, १.७५ वेगाने एकेक व्हिडिओ पाहायला सुरुवात केली. शेजारी एक दोनशे पानी वही असे. महिन्याभरात वही अर्धी भरली. बाहेरून पाहणाऱ्याला हा अभ्यास आदर्श वाटला असता.

अडचण कुठे उघडी पडली

अडचण कळण्यासाठी एक नियम थोडक्यात सांगणे भाग आहे. व्यापाऱ्याने खरेदीवर भरलेला कर त्याला विक्रीवरच्या करातून वजा करता येतो. यालाच इनपुट टॅक्स क्रेडिट म्हणतात. पण माल देणाऱ्याने ते बिल आपल्या विवरणपत्रात दाखवले आहे की नाही, हे घेणाऱ्याला पोर्टलवरच्या जीएसटीआर-२बी या पत्रकातून कळते, आणि ते पत्रक पुढच्या महिन्याच्या १४ तारखेला तयार होते. माल देणाऱ्याने बिल दाखवलेलेच नसेल तर काय करायचे, हा प्रश्न केंद्रीय जीएसटी नियमांतील नियम ३६(४) मध्ये येतो.

जुलै २०२४ चे विवरणपत्र तयार करताना एका हार्डवेअर दुकानाच्या खरेदी खात्यात १,३८,६०० रुपयांचे क्रेडिट दिसत होते आणि २बी मध्ये १,२६,००० रुपयांचे. तफावत १२,६०० रुपयांची होती. ती एकाच बिलामुळे आली होती: नळजोडणीच्या साहित्याचे ७०,००० रुपयांचे बिल, त्यावर १८ टक्के कर. ते बिल देणारा व्यापारी तिमाही विवरणपत्र भरणारा होता. अशा व्यापाऱ्याला तिमाहीच्या पहिल्या दोन महिन्यांची बिले पुढच्या महिन्याच्या १३ तारखेपर्यंत पोर्टलवर आधीच चढवण्याची सोय असते, पण ती ऐच्छिक आहे आणि त्याने ती वापरली नव्हती.

ताईंनी एक्सेलमध्ये जीएसटीआर-३बी या मासिक विवरणपत्राचा मसुदा तयार केला आणि त्यात क्रेडिट धरले १,३२,३०० रुपये. विवरणपत्राची मुदत २० तारखेची. सरांनी मसुदा तीन दिवस आधी तपासायला घेतला. त्यांनी विचारले, “ताई, २बी पेक्षा हे ६,३०० जास्तीचे कुठून आले?” सरांना प्रथम वाटले की त्या बिलावरचा अर्धाच कर धरला गेला असावा, कारण १२,६०० मध्ये केंद्राचा आणि राज्याचा वाटा प्रत्येकी ६,३०० होतो. तो निव्वळ योगायोग होता. ताईंनी वही उघडून दाखवली. तिथे एकच ओळ होती: ‘२बी + ५ टक्के घेता येते.’ १,२६,००० चे पाच टक्के ६,३०० होतात. गणित बरोबर होते, पण नियम अडीच वर्षांपूर्वी बदललेला होता.

चूक नेमकी कशी झाली

हा भाग सविस्तर पाहण्यासारखा आहे, कारण ताईंनी निष्काळजीपणा केला असे म्हणता येत नाही. प्लेलिस्टमध्ये या विषयावर तीन शिक्षकांचे तीन व्हिडिओ होते. पहिला म्हणत होता २० टक्के, दुसरा १० टक्के आणि तिसरा ५ टक्के. तिन्ही आपापल्या जागी खरे होते. न दाखवलेल्या बिलांसाठी २० टक्क्यांची सवलत ९ ऑक्टोबर २०१९ पासून आली, १ जानेवारी २०२० पासून ती १० टक्के झाली आणि १ जानेवारी २०२१ पासून ५ टक्के. त्यानंतर २९ डिसेंबर २०२१ च्या अधिसूचना क्र. ४०/२०२१ ने ती १ जानेवारी २०२२ पासून पूर्णपणे काढून टाकली. कायद्यातही त्याच दिवसापासून कलम १६(२)(एए) अमलात आले आणि बिल २बी मध्ये दिसणे ही क्रेडिटची अट बनली.

तीन व्हिडिओ परस्परविरोधी आहेत हे ताईंच्या लक्षात आले होते. त्यांनी तिघांच्या तारखा पाहिल्या, सर्वांत नवा कोणता ते शोधले आणि त्यातला आकडा उतरवून घेतला. तर्क म्हणून यात खोट नाही. खोट एवढीच की यादीतला सर्वांत नवा व्हिडिओ आणि आज लागू असलेला नियम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि यादी करणाऱ्याने २०२१ नंतर तिच्यात या विषयावर भर घातलेली नव्हती. यादीचे नाव, तिच्यातला क्रम आणि साठ व्हिडिओंचा भरगच्चपणा यांमुळे ती पूर्ण असल्याचा भास होत होता.

दुसरी गोष्ट अधिक बोचरी आहे. पाच टक्के सांगणाऱ्या शिक्षकाने आपली जबाबदारी पार पाडली होती. व्हिडिओखाली पहिलीच टिप्पणी त्याने स्वतः पिन करून ठेवली होती: १ जानेवारी २०२२ पासून ही सवलत नाही, नवा व्हिडिओ पाहावा. फोन आडवा धरून पूर्ण पडद्यावर पाहणाऱ्याला ती टिप्पणी दिसतच नाही. शिवाय व्हिडिओतही त्याने ‘फिलहाल पाँच प्रतिशत’ असे म्हटले होते. नंतर ताईंनी वर्णनातील ‘Show transcript’ उघडून मजकूर वाचला तेव्हा ते ‘फिलहाल’ त्यांना दिसले. १.७५ वेगात ते ऐकू आले असेल, पण लक्षात राहिले नव्हते. म्हणजे शिक्षक भरवशाचा, व्हिडिओ त्या दिवशी अचूक, आणि तरीही ऑगस्ट २०२४ मध्ये भरायच्या विवरणपत्रासाठी तो निरुपयोगी.

कोणते पर्याय विचारात घेतले

मसुदा दुरुस्त करायला पाच मिनिटे लागली. खरा प्रश्न अर्ध्या भरलेल्या वहीचा होता, कारण तिच्यातल्या कोणत्या ओळी अशाच शिळ्या आहेत हे सांगता येत नव्हते. बहुतेक ओळींसमोर ना तारीख होती, ना व्हिडिओचे नाव. सर आणि ताई यांनी त्या आठवड्यात बसून पुढची दिशा ठरवली.

व्हिडिओ सोडून रविवारचा सशुल्क वर्ग लावावा, असे सरांचे पहिले मत होते. वर्गात प्रश्न विचारता येतात आणि शिकवणाऱ्याला चालू नियम सांगावाच लागतो, हा त्याचा फायदा. पण वर्ग सुरुवातीपासून शिकवणार आणि कार्यालयाला दर महिन्याच्या ११, १३ आणि २० तारखांना काम हवे, हा ताळमेळ बसत नव्हता. थेट कायदा आणि नियम वाचावेत, हा दुसरा पर्याय. अचूकतेच्या दृष्टीने त्याला तोड नाही, पण इंग्रजीतल्या त्या लांबलचक वाक्यांत, ‘पुढील अटींच्या अधीन राहून’ अशा वळणांत, मुळात समजावणी नसलेल्या वाचकाचा निभाव लागत नाही. ताईंनी नियम ३६ वाचून पाहिला आणि पहिल्या पोटनियमातच त्या अडकल्या. तिसरा पर्याय जीएसटी नेटवर्कच्या अधिकृत चॅनेलपुरते मर्यादित राहण्याचा होता. तिथे पोर्टलवर कोणता आकडा कुठे भरायचा हे नीट दाखवतात, परंतु तो आकडा तसाच का, याची चर्चा तिथे फारशी होत नाही.

शेवटी ठरले ते असे: समजावणीसाठी शिक्षकांचे व्हिडिओ, कृतीसाठी अधिकृत व्हिडिओ, आणि निवाडा नेहमी नियमाच्या मूळ शब्दांचा. व्हिडिओ पाहून झाल्यावर मूळ नियम वाचणे सोपे जाते, हा ताईंचा अनुभव या निर्णयाला कारणीभूत ठरला. अर्थ आधीच ठाऊक असेल तर कायद्याचे वाक्य फक्त पडताळायचे असते.

प्रत्यक्षात काय केले

पहिले काम याद्यांचे. दुसऱ्याची जतन केलेली प्लेलिस्ट ही त्याचीच राहते. तो तिच्यातून व्हिडिओ काढू शकतो, क्रम बदलू शकतो, यादी खासगी करू शकतो. म्हणून ताईंनी तिच्यातले उपयोगी व्हिडिओ स्वतःच्या खासगी याद्यांत घेतले. याद्या विषयवार न करता त्यांनी व्हिडिओच्या दर्जानुसार केल्या: ‘पाहायचे’, ‘तपासलेले’ आणि ‘जुने, पण समजावणी चांगली’. तिसरी यादी माझ्या मते या सगळ्या व्यवस्थेतला सर्वांत शहाणपणाचा भाग आहे. पाच टक्क्यांचा तो व्हिडिओ तिथे गेला, कारण बिल २बी मध्ये का येत नाही हे इतके सोपे करून दुसऱ्या कोणी सांगितले नव्हते. जुना म्हणून तो टाकून दिला असता तर चांगली समजावणी गेली असती. तपासलेल्यांत ठेवला असता तर चूक परत आली असती.

याद्यांचा एक तोटा लवकरच कळला. चॅनेलने व्हिडिओ काढून टाकला किंवा खासगी केला की यादीतून त्याचे नावही जाते. तिथे काय होते हे आठवायला काहीच उरत नाही. त्यामुळे व्हिडिओ यादीत घालतानाच त्याचे शीर्षक, चॅनेल आणि अपलोडची तारीख वहीत उतरवण्याची सवय लावावी लागली. तारीख पाहतानाही खबरदारी लागते, कारण शोधाच्या पानावर ‘३ वर्षांपूर्वी’ असे ढोबळ लिहिलेले असते आणि दिनांक पाहायचा तर वर्णन उघडावे लागते. नियम ३६(४) च्या बाबतीत डिसेंबर २०२१ आणि जानेवारी २०२२ यांत सगळा फरक आहे, आणि दोन्ही ‘२ वर्षांपूर्वी’ याच सदरात पडत होते.

वेगाचा प्रश्न वाटतो तेवढा सरळ नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेतील संशोधकांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, विद्यार्थ्यांनी व्याख्याने दुप्पट वेगापर्यंत पाहिली तरी आकलनात फारसा फरक पडला नाही. त्यापुढे मात्र पडला. म्हणजे १.७५ हा वेगच मुळात दोषी होता असे म्हणता येणार नाही. पण ती व्याख्याने रोमन साम्राज्य आणि मालमत्तेचे मूल्यांकन अशा विषयांवरची, बसून ऐकण्याची होती. जीएसटीच्या व्हिडिओत शिक्षक एकीकडे पडद्यावर आकडे मांडतो, दुसरीकडे तोंडी अटी घालतो, आणि बहुतेक वेळा महत्त्वाची अट तोंडीच असते.

ताईंनी वेग व्हिडिओला न लावता त्यातल्या भागाला लावायला सुरुवात केली. प्रस्तावना, स्वतःची ओळख, ‘चॅनेल सबस्क्राइब करा’ हा भाग १.७५ किंवा २ वर. नियमाची मांडणी साध्या वेगावर. पोर्टलवरची कृती ०.७५ वर, तीही दर टप्प्याला थांबवून. फोन सोडून त्या कार्यालयातल्या संगणकावर बसू लागल्या, आणि त्याचा उपयोग झाला: `Shift` दाबून `>` किंवा `<` केल्यास वेग पाव-पावने बदलतो, `J` ने दहा सेकंद मागे जाता येते, `K` ने थांबवता येते, आणि थांबवलेल्या चित्रात `,` व `.` यांनी एकेक चौकट मागे-पुढे सरकते. शिक्षकाने अधिसूचना पडद्यावर क्षणभर दाखवून पुढे नेली असेल तर तिचा क्रमांक वाचायला शेवटची सोय कामी येते. शिवाय संगणकावर पिन केलेली टिप्पणी व्हिडिओखालीच असते.

त्यांनी एक कठोर नियमही घालून घेतला: गणित आले की व्हिडिओ थांबवायचा, उत्तर स्वतः काढायचे आणि मगच पुढे ऐकायचे. चाळीस मिनिटांचा व्हिडिओ यामुळे दीड-दोन तास घेऊ लागला. पण एक गंमत अशी घडली की नियम ३६(४) वरच्या आणखी एका जुन्या, भरपूर पाहिल्या गेलेल्या व्हिडिओत शिक्षकाने पाच टक्के खात्यातल्या क्रेडिटवर काढले होते. आपल्या उदाहरणात तसे केले तर १,३८,६०० चे पाच टक्के, म्हणजे ६,९३० येतील. त्या वेळच्या नियमात आधार माल देणाऱ्यांनी दाखवलेल्या पात्र क्रेडिटचा होता, म्हणून ६,३०० च बरोबर. हा व्हिडिओ जुना होता म्हणून नव्हे, तर ज्या दिवशी अपलोड झाला त्या दिवशीही चुकीचा होता. नुसते ऐकत बसले असते तर हे लक्षात आले नसते.

वहीची मांडणी बदलली. आता प्रत्येक नोंदीचे पान असे दिसते:

विषय: माल देणाऱ्याने न दाखवलेल्या बिलावरचे क्रेडिट.
आजची स्थिती: मिळत नाही.
कधीपासून: १ जानेवारी २०२२.
आधार: कलम १६(२)(एए), नियम ३६(४), अधिसूचना ४०/२०२१.
व्हिडिओ: शीर्षक, चॅनेल, अपलोडची तारीख, १२ मिनिटे ३४ सेकंद.
मूळ मजकूर तपासला: २२ ऑगस्ट २०२४.

मिनिट-सेकंद लिहिण्यामागे कारण आहे. व्हिडिओवर उजवी कळ दाबून त्या क्षणाचा दुवा घेता येतो. त्याच्या शेवटी `?t=754` असे सेकंद येतात आणि पुन्हा पाहताना थेट तिथेच जाता येते. हे दुवे ताई एक्सेलच्या पत्रकात ठेवतात. शेवटच्या ओळीतली तारीख मात्र सगळ्यांत मोलाची, कारण नोंद किती जुनी झाली हे तिच्यावरूनच कळते. आधारासमोरची जागा रिकामी असेल तर ती नोंद विवरणपत्रात वापरायची नाही, असे सरांनी स्पष्ट सांगितले.

शिक्षकाची पारख

सबस्क्राइबरांची संख्या, बोलण्यातला आत्मविश्वास, फळ्यावरचे अक्षर यांवरून काही ठरत नाही, हे पटायला वेळ लागला नाही. नापसंतीचा आकडा तर यूट्यूबने नोव्हेंबर २०२१ पासून प्रेक्षकांना दाखवणेच बंद केले आहे. मग पाहायचे काय? ताईंनी ज्याचे उत्तर स्वतःला पक्के ठाऊक आहे असा एक प्रश्न निवडला आणि नव्या शिक्षकाचा त्याच विषयावरचा व्हिडिओ आधी पाहायचा, असे ठरवले.

प्रश्न क्रेडिट वापरण्याच्या क्रमाचा. समजा, केंद्राचा कर ३०,००० आणि राज्याचा कर ३०,००० रुपये भरायचा आहे, आणि हाताशी एकात्मिक म्हणजे आंतरराज्य व्यवहारांवरचा कर, केंद्र व राज्य अशा तिन्ही खात्यांत प्रत्येकी २०,००० चे क्रेडिट आहे. एकात्मिक कराचे क्रेडिट आधी संपवावे लागते, हे बहुतेक सगळे सांगतात. पण ते सगळे २०,००० आधी केंद्राच्या करात घालायला सांगणारा शिक्षक राज्याच्या करासाठी १०,००० रुपये रोख भरायला लावतो, कारण केंद्राचे उरलेले क्रेडिट राज्याच्या करासाठी चालत नाही. २९ मार्च २०१९ पासून लागू असलेल्या नियम ८८अ नुसार एकात्मिक क्रेडिट दोन्हींत हव्या त्या क्रमाने वापरता येते. १०,००० इकडे आणि १०,००० तिकडे केले की रोख काहीच लागत नाही. जो शिक्षक हा नियम नावाने सांगतो, तारीख सांगतो आणि रोख रकमेतला फरक मांडून दाखवतो, त्याच्या इतर व्हिडिओंना वेळ द्यायला हरकत नाही. जो नुसताच ‘आधी हे, मग ते’ असा क्रम पाठ करून घेतो, त्याच्यापासून जरा जपून.

ही कसोटी सर्वज्ञ नाही. एका प्रश्नात पास झालेला शिक्षक दुसऱ्यात चुकू शकतो, आणि चुकला तरी तो त्याचे काय करतो हे पाहणे जास्त बोलके ठरते. ताईंच्या पसंतीच्या शिक्षकांपैकी एकाने वर्णनात ‘दुरुस्ती’ म्हणून मिनिटासह चूक मान्य केलेली आहे. दुसऱ्या एका लोकप्रिय चॅनेलवर प्रेक्षकाने कलम देऊन चूक दाखवली होती आणि उत्तरात सशुल्क कोर्सचा दुवा मिळाला होता. ‘शंभर टक्के क्रेडिट मिळवण्याची युक्ती’ अशा शीर्षकांचे व्हिडिओ सरांनी सरसकट बाद करायला सांगितले. ताईंना हे थोडे घाईचे वाटले, कारण शीर्षक भडक असूनही आतला मजकूर नीट असलेले दोन व्हिडिओ त्यांनी पाहिले होते. दोघांचा हा मतभेद मिटलेला नाही, आणि माझा कौल ताईंच्या बाजूने आहे.

निष्पत्ती

जुलैचे विवरणपत्र १,२६,००० रुपयांच्या क्रेडिटवर मुदतीत भरले गेले. दुकानदाराला १२,६०० रुपये जास्त रोख भरावे लागले आणि त्याची नाराजी कार्यालयाने ऐकून घेतली. माल देणाऱ्याने तिमाही विवरणपत्र ऑक्टोबरच्या १३ तारखेच्या आत भरल्यावर ते बिल सप्टेंबरच्या २बी मध्ये आले आणि क्रेडिट सप्टेंबरच्या विवरणपत्रात मिळाले. ६,३०० आधीच घेतले असते तर रक्कम लहान असली तरी ते चुकीने घेतलेले क्रेडिट ठरले असते, आणि वापरले गेले असल्यास त्यावर १८ टक्के दराने व्याज द्यावे लागले असते.

जुन्या वहीची छाननी दोन महिने चालली. बऱ्याच नोंदी टिकल्या, काहींना तारीख जोडावी लागली, आणि ई-इनव्हॉइस कोणाला सक्तीचे हे ठरवणाऱ्या उलाढालीच्या मर्यादेसारखी नोंद पूर्ण बदलावी लागली, कारण ती मर्यादा टप्प्याटप्प्याने खाली येत १ ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटींवर आली होती आणि वहीत दहा कोटी लिहिलेले होते. त्याच ऑक्टोबरात पोर्टलवर आलेली बिले स्वीकारण्याची किंवा नाकारण्याची नवी व्यवस्था, आयएमएस, सुरू झाली. या वेळी ताईंनी आधी अधिकृत व्हिडिओ पाहिला आणि त्यानंतर दोन शिक्षकांचे. त्यांतल्या एकाने प्रत्येक बिल हाताने स्वीकारलेच पाहिजे असे सांगितले होते. काहीच कृती न केलेले बिल स्वीकारलेले मानले जाते, हे अधिकृत माहितीत स्पष्ट होते, त्यामुळे तो व्हिडिओ यादीत गेला नाही.

वेगळे काय करता आले असते

सर्वांत आधीची संधी सरांकडे होती. पोर्टलवर ३बी उघडले की २बी वरून क्रेडिटचे आकडे आपोआप भरलेले येतात. पहिल्याच महिन्यात ताईंना एक्सेलवर मसुदा करायला न सांगता ते पान दाखवले असते, तर आकडा वाढवताना हा वाढवायचा कशाला, असा प्रश्न त्यांना स्वतःलाच पडला असता. साधनाने सांगितलेले उत्तर आणि वहीतले उत्तर शेजारी ठेवण्याची सोय असताना ती वापरली गेली नाही.

दुसरी जागा तीन परस्परविरोधी व्हिडिओंची. तिथे ताई थांबल्या, हे बरोबर केले. पण तिघांतून एक निवडण्याऐवजी आकडा का बदलत गेला हे शोधले असते, तर उत्तर पाच मिनिटांत मिळाले असते. पहिला व्हिडिओ तर जीएसटीआर-२ए या २बी च्या आधीच्या पत्रकाविषयी बोलत होता आणि तिसरा २बी विषयी, जे ऑगस्ट २०२० मध्ये आले. आधाराचे पत्रकच बदलले आहे, म्हणजे नियमाचे पाणी पुलाखालून बरेच वाहून गेले आहे, हा इशारा पुरेसा होता. चॅनेलच्या पानावरच्या शोधात ‘३६(४)’ टाकले असते तरी त्याच शिक्षकाचा नवा व्हिडिओ वर आला असता.

तिसरा मुद्दा खर्चाचा आहे आणि त्याला सोपे उत्तर नाही. मूळ मजकूर तपासण्याची शिस्त वेळ खाते. मुदतीच्या आठवड्यात ताई ती पाळू शकत नाहीत, आणि त्या काळात झालेल्या नोंदी पेन्सिलने लिहून नंतर पक्क्या करायच्या, अशी तडजोड त्यांनी केली आहे. काही नोंदी महिनोन्महिने पेन्सिलीतच राहतात. सरांच्या मते ज्या गोष्टी दर महिन्याला लागतात त्याच तपासाव्यात आणि बाकीच्या गरज पडेल तेव्हा. ताईंना वाटते की गरज पडते ती नेमकी वीस तारखेच्या आदल्या संध्याकाळी. सध्या दर तिमाहीच्या अखेरीस, कामाचा जोर ओसरल्यावर, पेन्सिलीतल्या नोंदी दोघांनी मिळून पाहायच्या असे ठरले आहे. पहिल्या खेपेला त्यांतल्या चार नोंदी खोडाव्या लागल्या.